फोटोतल्या मार्कशीटवरून एसजीपीआय काढताना ग्रेसचं काय करायचं?

ठाणे स्टेशनच्या आसपास फॉर्म भरून देण्याचं काम करणाऱ्याकडे जून-जुलैत मूळ मार्कशीट क्वचितच येते. येतो तो व्हॉट्सॲपवरचा फोटो, तोही लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकलेला. त्यावरून "एसजीपीआय किती, टक्के किती" ते भरायचं असतं. एसजीपीआय म्हणजे एका सत्राच्या ग्रेड पॉइंटची क्रेडिटनुसार सरासरी. मी इथे मुंबई विद्यापीठाच्या बीएमएसच्या, नव्या शैक्षणिक धोरणाआधीच्या रचनेतल्या पहिल्या सत्राचं उदाहरण घेतो. ७ विषय, २० क्रेडिट, लेखी ७५ आणि अंतर्गत २५.

फोटो मार्कशीट प्लास्टिकमधून काढून, उजेडाकडे पाठ न करता, मागच्या बाजूसकट काढून मागवा. तळाची चिन्हांची ओळ कापलेली असेल तर फोटो परत पाठवायला सांगा. त्या ओळीवाचून पुढचं काही करू नका.

मग ग्रेडचा तक्ता. दहा गुणांच्या पद्धतीत ८० आणि वर ओ म्हणजे १०, ७० पासून ए प्लस ९, ६० पासून ए ८, ५५ पासून बी प्लस ७, ५० पासून बी ६, ४५ पासून सी ५, ४० पासून डी ४, त्याखाली एफ म्हणजे शून्य. हा तक्ता पाठ करून सगळ्या मार्कशीटना लावणाऱ्यांवर माझा राग आहे. विद्यापीठाच्या जुन्या सात गुणांच्या पद्धतीत ए म्हणजे ६ होतं, आणि इंजिनीअरिंगच्या जुन्या पद्धतीत तेच ए ९ ला जायचं. म्हणून अक्षर वाचण्याआधी मार्कशीटच्या मागे छापलेला तक्ता वाचा.

आता खरी डोकेदुखी, ग्रेस, म्हणजे विद्यापीठाने वरून दिलेले गुण. याच टप्प्याने मला सगळ्यात जास्त छळलं, आणि इंटरनेटवरचा सल्ला इथेच सगळ्यात वाईट मिळतो. कोणी म्हणतं ग्रेस वजा करा, कोणी म्हणतं वेगळा बेरजेत धरा. दोन्ही नको.

आधी छापलेलं नीट वाचा. मुंबईच्या मार्कशीटवर @ हे चिन्ह बहुधा पास होण्यासाठी किंवा वरच्या श्रेणीसाठी दिलेल्या ग्रेसचं असतं आणि # हे एनएसएस, खेळ वगैरेंच्या गुणांचं. तुमच्या फोटोत नेमकं काय ते तळाची ओळ सांगेल. स्टॅटिस्टिक्सच्या लेखीसमोर २८@२ छापलेलं असेल तर मिळाले २८, दिले २, झाले ३०. काही ठिकाणी मात्र ३०@२ असं दिसतं, म्हणजे दोन गुण आधीच मिळवलेले. यात गोंधळायचं कारण नाही. पास होण्याचा ग्रेस पासाच्या रेषेवर येऊन थांबतो, एक गुणही पुढे जात नाही. ७५ पैकी पास ३० ला. म्हणून चिन्हाआधी ३० दिसला तर ग्रेस आत आहे, ३० पेक्षा कमी दिसला तर बाहेर आहे आणि मिळवल्यावर बरोबर ३० यायला हवा. (# च्या गुणांना हा नियम लावू नका, त्यांचा हिशोब वेगळा.)

हाच नियम खराब फोटोही वाचून देतो. फोनने मजकूर कॉपी केला की @ चा ० किंवा ८ होतो आणि २८@२ चं २८०२ बनतं. घडीवर आकडा पुसला असेल आणि फक्त "२_@२" दिसत असेल तर तिथे ८ शिवाय दुसरं काही असूच शकत नाही. शिवाय ५१ ते १०० गुणांच्या हेडला, म्हणजे ज्यात वेगळं पास व्हावं लागतं अशा भागाला, पास होण्यासाठी ३ पेक्षा जास्त ग्रेस मिळत नाही, त्यामुळे पासाच्या ग्रेसला @७ वाचलंत तर तो बहुधा १ किंवा २ आहे, पुन्हा झूम करा.

ग्रेड ग्रेससकट बेरजेवरून ठरते. लेखी ३०, अंतर्गत १५, एकूण ४५, म्हणजे सी, ५ पॉइंट. ग्रेस सोडून मोजलं तर ४३ येतात आणि डी, ४ पॉइंट होतो. "ग्रेसचे मार्क खरे नसतात" म्हणून ते वगळणारे मला काउंटरवर भेटतात. विद्यापीठाने दिले, छापले, मुलगा पास झाला, तर तुम्ही ते कोणत्या अधिकारात काढता?

आता सगळे विषय मांडू. फायनान्शियल अकाउंट्स ६४ ए, बिझनेस लॉ ७२ ए प्लस, स्टॅटिस्टिक्स ४५ सी, कम्युनिकेशन ६६ ए, ह्यूमन स्किल्स ८३ ओ, इकॉनॉमिक्स ५७ बी प्लस. या सहांना प्रत्येकी ३ क्रेडिट. फाउंडेशन कोर्स ५२ बी, त्याला २. पॉइंट गुणिले क्रेडिट क्रमाने २४, २७, १५, २४, ३०, २१ आणि १२. बेरीज १५३. भागिले २० म्हणजे ७.६५. शीटमध्ये क्रेडिट B मध्ये आणि पॉइंट C मध्ये घातले की:

```
=SUMPRODUCT(B2:B8,C2:C8)/SUM(B2:B8)
```

मार्कशीटवर गुणाकारांचा रकाना आणि त्याची बेरीज छापलेली असते. ती शेवटी बघायची नसते, आधी बघायची असते. समजा तुमची बेरीज १५० आली आणि छापलेली १५३ आहे. फरक ३, म्हणजे बहुधा तीन क्रेडिटच्या एकाच विषयात एक पॉइंट चुकला. फाउंडेशन कोर्समध्ये चुकलं असतं तर फरक २ आला असता. संशयित तीन उरतात: लॉ च्या ए प्लसमधला किंवा इकॉनॉमिक्सच्या बी प्लसमधला प्लस चकाकीत गेला असेल, किंवा स्टॅटिस्टिक्सचा ग्रेस सुटला असेल. तिन्हींत नेमका ३ चाच फरक पडतो, तेव्हा बेरजेवरून आरोपी सापडणार नाही. गुणांकडे जा. लॉ ला ७२ स्पष्ट दिसत असतील तर अक्षर ए प्लसच, इकॉनॉमिक्सला ५७ दिसत असतील तर बी प्लसच, फोटोत काहीही दिसो. मग स्टॅटिस्टिक्सची ओळ उघडा.

अक्षर आणि गुण यांच्यात भांडण झालं तर मी नेहमी गुणांच्या बाजूने. दोन आकड्यांची बेरीज करून खात्री करता येते, पुसट प्लसची करता येत नाही. ओ आणि शून्य यांचीही हीच कथा. ८३ समोर शून्य छापलेला नसतो.

शेवटचं टक्क्यांचं. फॉर्मवर टक्के मागितले की लोक ७.६५ ला दहाने गुणून ७६.५ लिहितात, कोणी ९.५ ने गुणून ७२.६८. ते ९.५ सीबीएसईच्या दहावीचं सूत्र होतं, तुमच्या मार्कशीटशी त्याचा संबंध नाही. याच मुलाचे गुण मिळवा: ६४, ७२, ४५, ६६, ८३, ५७, ५२. एकूण ४३९, ७०० पैकी, म्हणजे ६२.७१ टक्के. दहा-चौदा टक्क्यांची ही उडी पडताळणीत लगेच पकडली जाते. गुण छापलेले असतील तर टक्के गुणांवरूनच काढा. ते नसतील आणि विद्यापीठाने रूपांतराचं सूत्र दिलं असेल, तर फक्त तेच, आणि त्याची प्रत फॉर्मला जोडा. तेही नसेल तर फॉर्ममध्ये ७.६५ लिहून पुढे "१० पैकी" लिहा आणि टक्क्यांची जागा भरण्याआधी कॉलेजच्या परीक्षा विभागाकडून लेखी घ्या.