फोटोतल्या स्वाध्यायातील विभक्ती आणि काळ कसे ओळखावेत

रात्री साडेनऊला भाचीचा फोटो येतो. पान तिरके, वर अंगठ्याची सावली, खाली अर्धे वाक्य कापलेले. सोबत निरोप: "मामा, विभक्ती आणि काळ. कारणासहित. उद्या द्यायचंय." मराठी आपली मातृभाषा, मग पाच मिनिटांचे काम, असे मला सुरुवातीला वाटायचे. एकदा सावलीतला अनुस्वार न दिसल्यामुळे मी 'फुलांत'चे 'फुलात' वाचले आणि अनेकवचनाच्या जागी एकवचन लिहून दिले. तेव्हापासून फोटो पाहून थेट उत्तर द्यायचे नाही, हा नियम मी पाळतो.

आधी वाक्य कागदावर उतरवा

फोटो मोठा करून एकेक वाक्य हाताने लिहून काढा. मराठीत व्याकरणाचा निकाल अनेकदा एका ठिपक्यावर लागतो, आणि फोटोत नेमका तोच पुसट होतो. 'फुलात' आणि 'फुलांत' यांत प्रत्यय एकच, 'त'. वचन सांगतो तो फक्त अनुस्वार. दुसरी अडचण अधोरेखित शब्दांची. शब्दाखालची रेघ उकाराला चिकटते आणि ऱ्हस्व-दीर्घ कळेनासे होते. कधी तर उकार आहे की नाही, हेही समजत नाही. अशा वेळी शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधू नका, दिवा बाजूला धरून पुन्हा फोटो काढायला सांगा. शेवटचे क्रियापद कडेला कापले गेले असेल, तर काळाचे उत्तर लिहूच नका. 'असे', 'असेल' आणि 'असेन' यांत फरक एका शेवटच्या अक्षराचा असतो.

नमुन्यासाठी ही सहा वाक्ये घेऊ.

१. आजीने नातवाला गोष्ट सांगितली.
२. मुलांनी मैदानात खेळ मांडला.
३. तो घरातून धावत बाहेर आला.
४. सुताराने झाडाची फांदी तोडली होती.
५. मी रोज सकाळी नदीवर पोहायला जात असे.
६. उद्या या वेळी आम्ही परीक्षेचा निकाल पाहत असू.

प्रत्यय सोडवून मूळ शब्द शोधा

शब्दाचा शेवट पाहून लगेच विभक्ती सांगायचा मोह होतो. 'त' दिसला की सप्तमी, 'ला' दिसला की द्वितीया. पण 'भात' आणि 'हात' यांतला 'त' शब्दाचाच आहे, आणि 'गेला' हे तर क्रियापद. म्हणून आधी शब्द नाम किंवा सर्वनाम आहे ना, ते पाहा. मग प्रत्यय काढून मूळ शब्द लिहा. प्रत्यय लागण्यापूर्वी नामात जो बदल होतो, ते त्याचे सामान्यरूप. 'नातू'चे 'नातवा-', 'मूल'चे अनेकवचनी 'मुलां-', 'परीक्षा'चे 'परीक्षे-'. हे सामान्यरूप सापडले की पुढे लागलेला प्रत्यय खरा आहे याची बहुतेक वेळा खात्री पटते.

बहुतेक वेळा म्हणायचे कारण 'ई'. 'सकाळी'तून 'ई' काढला की 'सकाळ' उरते आणि अर्थही जुळतो: सकाळच्या वेळेला. 'माळी'तून 'ई' काढला तर 'माळ' उरते, आणि तोही चांगला शब्द आहे! पण 'माळी पाणी घालतो' या वाक्यात माळेचा काही संबंध नाही. पाणी घालणारा तो माळी, म्हणजे हा 'ई' शब्दाचाच. तेव्हा उरलेला शब्द कोशात सापडतो एवढ्यावर थांबू नका, तो त्या वाक्यात बसतो का ते पाहा.

'ला' म्हणजे द्वितीया की चतुर्थी?

सर्वात जास्त चुका इथे होतात, कारण 'स, ला, ते' आणि अनेकवचनी 'ना' हे प्रत्यय दोन्ही विभक्तींना सारखेच आहेत. प्रत्ययाकडे कितीही वेळ पाहिले तरी उत्तर मिळणार नाही. ते क्रियापदाकडून मिळते.

पहिले वाक्य घ्या. काय सांगितले? गोष्ट. कोणाला सांगितली? नातवाला. 'काय' आणि 'कोणाला' या दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे मिळाली. सांगण्याची क्रिया गोष्टीवर घडली, नातवाकडे ती फक्त पोहोचली. म्हणून नातवाला चतुर्थी. आता 'आजीने नातवाला उठवले' हे वाक्य पाहा. इथे 'काय' विचारायला जागाच नाही. उठवण्याची क्रिया थेट नातवावर होते, म्हणून तोच शब्द, तोच प्रत्यय, पण द्वितीया.

मला स्वतःला त्याहून भरवशाची वाटते ती क्रियापदाच्या लिंगाची खूण. 'सांगितली' हे स्त्रीलिंगी रूप गोष्टीमागे गेले आहे, यावरून कर्म कोणते ते उघड होते. 'उठवले' कोणाच्याच मागे गेलेले नाही, ते नपुंसकलिंगी एकवचनात थबकले आहे, कारण कर्माला 'ला' लागलेला आहे. वाक्य वर्तमानकाळात असेल ('आजी नातवाला गोष्ट सांगते'), तर क्रियापद आजीच्या मागे जाते आणि ही खूण दिसत नाही. मग मनातल्या मनात वाक्य भूतकाळात करून पाहा.

एक प्रकार मात्र दोन प्रश्नांच्या चाळणीतून निसटतो: 'मला थंडी वाजते', 'तिला आंबा आवडतो'. इथे कोणी कोणाला काही देत नाही. तरीही 'वाजते' थंडीमागे आणि 'आवडतो' आंब्यामागे जातो, म्हणजे 'मला' आणि 'तिला' कर्म नाहीत. या ठिकाणी चतुर्थी लिहा.

बाकीचे शब्द

'मुलांनी' सोपे आहे: मूळ शब्द मूल, प्रत्यय 'नी', तृतीया अनेकवचन, खेळ मांडणारी मुले, म्हणजे कर्ता. 'मैदानात' म्हणजे मैदान अधिक 'त', सप्तमी. खेळ मांडण्याचे ठिकाण.

'घरातून' हा शब्द दोन पायऱ्यांत उलगडतो. 'घरात'मध्ये 'त' आहे, त्यापुढे 'ऊन' लागला. शेवटचा प्रत्यय 'ऊन', म्हणून पंचमी. तो ज्या ठिकाणापासून दूर झाला ते ठिकाण. पण 'फुले आणून दिली' यातल्या 'आणून'ला कोणी पंचमी लिहिली, तर ती चूक. तिथे 'ऊन' हा 'आण' या धातूला लागला आहे, आणि विभक्ती धातूची नसते.

'झाडाची' षष्ठी आहे, यावर वाद नाही. कारण लिहिताना मात्र घोटाळा होतो. झाड नपुंसकलिंगी, मग 'ची' कशी, असा प्रश्न भाचीने विचारला होता, आणि प्रश्न रास्त आहे. षष्ठीचा प्रत्यय आपल्या शब्दाकडे पाहत नाही, पुढच्या शब्दाकडे पाहतो. फांदी स्त्रीलिंगी म्हणून 'झाडाची'. फूल असते तर 'झाडाचे'. आणि फांदीलाच पुढे प्रत्यय लागला, तर 'झाडाच्या फांदीला'. 'परीक्षेचा निकाल' यातला 'चा' निकालाच्या पुल्लिंगामुळे आला.

'नदीवर' हा सापळा समजा. अर्थाने ठिकाणच आहे, त्यामुळे सप्तमी लिहावीशी वाटते. पण सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' एवढेच. 'वर' हे शब्दयोगी अव्यय आहे, आणि 'साठी', 'कडे', 'मध्ये', 'पासून' हेही तसेच. उत्तर लिहावे: विभक्तिप्रत्यय नाही, 'वर' हे शब्दयोगी अव्यय.

काळ: शेवटचे क्रियापद दोन भागांत वाचा

काळ ठरवताना वाक्याच्या शेवटचे क्रियापद पूर्ण घ्या, साहाय्यक क्रियापदासह. साहाय्यक क्रियापदावरून वर्तमान, भूत की भविष्य ते कळते. त्याच्या आधीच्या रूपावरून क्रिया चालू आहे की झाली आहे ते कळते. 'वाचत आहे' अपूर्ण वर्तमान, 'वाचले आहे' पूर्ण वर्तमान, 'वाचत असतो' रीती वर्तमान. साहाय्यक क्रियापद नसेल, तर काळ साधा.

यानुसार 'सांगितली', 'मांडला' आणि 'आला' हे साधे भूतकाळ. तिसऱ्या वाक्यातल्या 'धावत'ला भुलून अपूर्ण भूतकाळ लिहू नका. 'धावत' इथे तो कसा आला ते सांगते. क्रियापद 'आला' एवढेच. 'धावत होता' असते, तर गोष्ट वेगळी. 'तोडली होती' पूर्ण भूतकाळ: तोडण्याची क्रिया भूतकाळातच पुरी झालेली. पण नुसते 'झाडाला एक फांदी होती' असेल, तर 'होती' हेच मुख्य क्रियापद आणि काळ साधा भूत.

पाचव्या वाक्यात 'पोहायला' हा शब्द बाजूला ठेवा, तो धातुसाधित आहे आणि जाण्याचा हेतू सांगतो. 'जात असे' म्हणजे रीती भूतकाळ. 'रोज' हा शब्द पुष्टी देतो, पण त्यावर विसंबू नका; 'मी रोज जातो' यातही 'रोज' आहे आणि काळ साधा वर्तमान आहे.

कारण किती लिहावे

एक ओळ पुरते, पण त्या ओळीत वाक्यातला पुरावा हवा. 'नातवाला: चतुर्थी, कारण ला प्रत्यय आहे' हे कारण नव्हे, कारण द्वितीयेलाही तोच प्रत्यय आहे. असे लिहा: 'नातवाला: मूळ शब्द नातू, प्रत्यय ला, चतुर्थी एकवचन. सांगितली ती गोष्ट हे कर्म. नातवाला ती मिळाली.' काळासाठी: 'तोडली होती: पूर्ण भूतकाळ. "होती"मुळे भूतकाळ, "तोडली"मुळे क्रिया पूर्ण.'

राहिले सहावे वाक्य, आणि ते मी मुद्दाम शेवटी ठेवले. 'मी'बरोबर 'पाहत असे' हे रीती भूत आणि 'पाहत असेन' हे अपूर्ण भविष्य, दोन्ही रूपे वेगळी दिसतात. 'आम्ही'बरोबर मात्र दोन्हीकडे 'पाहत असू'च येते. 'लहानपणी आम्ही गच्चीवरून तारे पाहत असू' हा रीती भूतकाळ, आणि आपले वाक्य अपूर्ण भविष्यकाळ. रूप तेच असल्यामुळे कारणात 'उद्या या वेळी' हे शब्द लिहावेच लागतात. फोटोत वाक्याची सुरुवात कापलेली असेल, तर या वाक्याचे उत्तर देता येत नाही. भाचीकडे पानाची डावी कड पुन्हा मागवा.