आई-बाबांचा डेस्कटॉप : एका बटणावर सुरू झाला पाहिजे

व्हिडिओ कॉल आणि वीज-गॅसची बिलं, एवढ्यासाठी सुटे भाग निवडण्यात आठवडा घालवू नका. कोअर आय-३ १२१०० प्रोसेसर, एच६१० बोर्ड, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ४५० वॉटचा चांगला एसएमपीएस पुरे. प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर घेऊ नका, त्यात ग्राफिक्स नसतं. जोडून विंडोज टाका, सगळे अपडेट होऊ द्या.

खरं काम इथून पुढे आहे. कोथरूडला आमच्या घरी गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की नंतर बाबा टेबलाखाली वाकून आधी यूपीएसचं बटण शोधायचे, मग सीपीयूचं. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी कॉम्प्युटर लावणंच सोडलं. यूपीएस जमिनीवर ठेवायचा सल्ला म्हणूनच मला पटत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस टेबलावर, हाताशी ठेवा. मॉनिटर, सीपीयू आणि राउटर तिन्ही त्यावरच लावा. राउटर भिंतीला राहिला तर वीज जाताच कॉल तुटणार.

आता बायॉसमध्ये जा (सुरू होताना `Del`) आणि `Restore AC Power Loss` शोधा. नाव बोर्डाप्रमाणे थोडं बदलतं. तिथे `Power On` निवडा. `Last State` ठेवा असं पुष्कळ जण सांगतात. मीही ठेवलं होतं आणि फसलो. बाबा रात्री नीट शटडाऊन करायचे, म्हणजे शेवटची स्थिती ‘बंद’. सकाळी वीज मिळूनही मशीन बंदच राहायचं.

रात्रीचा क्रम असा: शटडाऊन, मग यूपीएसचं बटण बंद. भिंतीवरचा स्विच चालूच राहू द्या, बॅटरी चार्ज होत राहते. सकाळी फक्त यूपीएसचं बटण. घरी निघण्याआधी हे स्वतः करून बघा. बंद केल्यावर मिनिटभर थांबा, एसएमपीएसमधली वीज उतरू द्या, मगच बटण दाबा.

यात एक किंमत मोजावी लागते. रात्री बोर्डाला वीजच मिळत नाही, त्यामुळे घड्याळ सांभाळणारा सीआर २०३२ सेल लवकर संपतो. एकदा बाबांचा फोन आला, बँकेची साइट उघडत नाही. पडद्यावर `NET::ERR_CERT_DATE_INVALID`. मी तासभर इंटरनेट तपासत बसलो, आणि कोपऱ्यातली तारीख कित्येक वर्षं मागची होती. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित साइट उघडू देत नाही. काही बोर्डांवर सेल संपला की `Power On`सुद्धा पुसलं जातं. म्हणून तारीख चुकली किंवा बटण दाबूनही मशीन जागं झालं नाही, की आधी सेल बदला, मग बायॉसमध्ये तारीख आणि `Power On` पुन्हा बघा. मी आता दर दोन वर्षांनी दिवाळीत घरी गेलो की सेल बदलूनच येतो.