व्हायब्राटो कसा आणायचा, कुठे थांबवायचा

व्हायब्राटो म्हणजे सुराला दिलेला बारीक, नियमित कंप. व्हायोलिनवर तो आणायला आधी मधल्या बोटाने सूर स्थिर, बिनचूक लावा. मग मेट्रोनोम 60 वर ठेवून एका ठोक्यात दोनदा, जमल्यावर तीनदा, मग चारदा बोटाचं टोक खुंट्यांकडे किंचित झुकवून परत सुरावर आणा. झोका सुराच्या खालीच जाऊ द्या. वर गेला की सूर चढा वाटतो. झोके अडखळत असतील तर अंगठा बघा. त्याने व्हायोलिनची मान घट्ट आवळली असेल, तर मनगट हलणारच नाही.

पाश्चात्त्य गायकीत हा कंप असा मोजून करत नाहीत. श्वासाचा दाब समान आणि गळा मोकळा असला की तो सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा आपोआप येतो. जबडा थरथरत असेल, तर तो व्हायब्राटो नव्हे, ताण आहे.

हिंदुस्थानी संगीतात मात्र तानपुऱ्याबरोबर लावलेला षड्ज हलता कामा नये, व्हायोलिनवरही नाही. कंप असेल तर सूर तानपुऱ्यात मिसळत नाही, आणि बेसूरपणाही त्यात झाकला जातो. दरबारी कानड्यातल्या कोमल गंधाराचं आंदोलन संथ असतं, ते रागाचा भाग आहे. तिथे व्हायब्राटो वापरलात, तर गंधार ओळखू येणार नाही.