निकालाचा सारांश: आधी 'सहदायाद' पक्का करा

नाशिकच्या आमच्या कायदेविषयक वार्तापत्राला वाचक दोन प्रकारचे: कोर्टात नव्याने उभे राहणारे ज्युनिअर वकील आणि निफाड-दिंडोरीकडचे, शेतजमिनीच्या वाटणीचा दावा चालू असलेले पक्षकार. सारांश लिहायला येणाऱ्यांना मी सरावासाठी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल देते. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी तो ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला.

वाचायची सुरुवात शेवटून करा. न्यायालयाने निष्कर्ष तिथे एकत्र दिले आहेत. मग मागे जाऊन प्रश्न शोधा. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ मधली दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली. त्याआधीच वडील वारले असतील तर मुलीला कोपार्सनरचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मानेच हिस्सा असणाऱ्याचा, हक्क मिळतो का, हा तो प्रश्न. २०१५ च्या एका निकालाने त्या तारखेला वडील हयात हवेत असे म्हटले होते. २०२० च्या निकालाने ती अट काढून टाकली.

आता शब्द. कोपार्सनरसाठी 'सहदायाद' घ्या आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. वाचायला सोपा म्हणून बरेच जण मध्येच 'वारस' लिहितात आणि तिथे निकालाचा कणाच मोडतो. वारसाचा हक्क माणूस गेल्यावर उघडतो. सहदायादाला तो जन्माने मिळतो. जन्माने मिळतो म्हणूनच वडिलांची हयात गैरलागू ठरते. 'मुलगी वारस असल्याने वडील हयात असण्याची गरज नाही' हे वाक्य मोठ्याने वाचा. कारण आणि निष्कर्ष जुळत नाहीत, हे कानालाच कळते. अशा ठिकाणी लगेच मूळ इंग्रजी परिच्छेद उघडावा.

'वारस' हा शब्द वर्ज्य नाही. मूळ इंग्रजीत 'heir' असेल तिथे तोच हवा. म्हणून लिहायला बसण्यापूर्वी वहीत एका बाजूला इंग्रजी संज्ञा, समोर एकच मराठी शब्द अशी यादी करा: डिक्री म्हणजे हुकूमनामा, ऑर्डर म्हणजे आदेश, पार्टिशन म्हणजे वाटणी. सारांशात संज्ञा पहिल्यांदा येते तिथे 'सहदायाद, म्हणजे कोपार्सनर' असे दोन्ही द्या; पुढे फक्त मराठी. वकिलांना ओळख पटते, पक्षकार अडखळत नाही.

तोंडी वाटणीचा भाग आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचला जातो, तिथे जागा वाचवू नका. 'तोंडी वाटणी अमान्य' हे अर्धेच सत्य आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी कायदेशीररीत्या झालेल्या वाटण्यांना दुरुस्तीने हात लावलेला नाही. मात्र नुसती तोंडी वाटणी झाल्याचा बचाव सहसा चालत नाही. अपवादात्मक प्रकरणात, तिला सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असेल आणि ती हुकूमनाम्याने झालेल्या वाटणीसारखीच अखेर सिद्ध होत असेल, तरच ती मान्य होऊ शकते. नुसत्या तोंडी पुराव्यावर नाही. 'अपवादात्मक' आणि 'सार्वजनिक दस्तऐवज' हे दोन्ही शब्द संपादनात कापले जाणार नाहीत, याकडे लिहिणाऱ्यानेच लक्ष ठेवायचे.