सातव्या दिवसाची गृहभेट: आधी श्वास मोजा, वजन शेवटी

मी नवी मुंबईत तुर्भ्याच्या वस्तीत आशा म्हणून काम करते. नव्याने आलेल्या ताया बहुतेक वेळा नवजात बाळाच्या गृहभेटीचा फॉर्म कसा भरायचा तेच विचारतात. खरी अडचण मात्र तपासणीच्या क्रमात असते. क्रम चुकला की आकडा चुकतो, आणि चुकलेला आकडा फॉर्मवर कितीही नीट लिहिला तरी बाळाच्या उपयोगाचा नसतो.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर पहिल्या आठवड्यात तिसऱ्या आणि सातव्या दिवशी जायचं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीसुद्धा. सातव्या दिवसाला मी फार जपते. तोवर पाचवीची पूजा उरकलेली असते, पाहुणे पांगलेले असतात आणि आता काळजीचं कारण नाही असं घरच्यांना वाटू लागतं.

घरात गेल्यावर बांगड्या, घड्याळ काढून साबणाने हात धुवा, पण लगेच बाळाला हात लावू नका. बाळ शांत असतानाच श्वास मोजून घ्या. आईला झबलं वर करायला सांगा आणि पोटाच्या हालचालीवर नजर ठेवून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, कारण नवजात बाळाचा श्वास मध्येच भरभर तर मध्येच संथ चालतो. 60 किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर तडक दवाखाना. नंतर काखेत थर्मामीटर, मग बेंब आणि त्वचा, आणि सगळ्यात शेवटी वजन. झोळीत घातलं की बाळ रडतं, आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजण्यात अर्थ नसतो.

मागच्या पावसाळ्यातली एक भेट सांगते. मुलगी, जन्माचं वजन 2.6 किलो. तिसऱ्या दिवशी 2.5 भरलं होतं, त्याची चिंता नव्हती, कारण सुरुवातीला थोडं वजन उतरतंच. सातव्या दिवशी गेले तेव्हा आजी कौतुकाने म्हणाल्या, "फार गुणी आहे हो, रडतच नाही. नुसती झोपून असते." हे ऐकलं की मी सावध होते. या वयाच्या बाळाने दिवसरात्रीत आठ-दहा वेळा तरी दुधासाठी उठायला हवं.

"दूध पिते का?" या प्रश्नाला घरोघरी "हो" हेच उत्तर मिळतं. म्हणून मी विचारलं, "काल दुपारपासून बाळाच्या तोंडात काय काय गेलं?" तेव्हा कळलं की गुटी उगाळून दिली होती, आणि उकाडा म्हणून चमच्याने पाणीही. लघवी कालपासून तीनदाच झाली होती. या दिवसांत ती सहा वेळा तरी व्हायला हवी.

श्वास 52, म्हणजे ठीक. तापमान 96.6, ते 97.7 ते 99.5 असायला हवं. पावलं हाताला गार लागली. ट्यूबलाइटच्या उजेडात कावीळ कळत नाही, म्हणून बाळाला दाराशी आणलं आणि कातडी बोटाने दाबून पाहिली. पिवळेपणा पोटापर्यंत होता, तळहात-तळपाय साधे होते. मग काट्याचा शून्य तपासून वजन केलं: 2.3. म्हणजे जन्माच्या वजनातून 300 ग्रॅम गेले होते, दहा टक्क्यांहून जास्त. छातीला लावून बघितलं तर दोन-तीनदा ओढून ती पुन्हा झोपली.

यातली एकच गोष्ट असती तर स्तनपान कसं द्यायचं ते दाखवून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले असते. इथे चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. कारण शोधणं डॉक्टरांचं काम, बाळ वेळेत तिथे पोचवणं आपलं. 108 ला फोन केला. गाडी येईपर्यंत टोपी-मोजे घालून बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरायला लावलं, वरून शाल गुंडाळली आणि काढलेलं दूध वाटी-चमच्याने थोडं थोडं पाजलं.

चिठ्ठी तिथेच बसून लिहिली: "मुलगी, वय 7 दिवस. जन्मवजन 2.6, आज 2.3 किलो. सकाळी 10.40 ला तापमान 96.6. श्वास 52, छाती आत ओढली जात नाही. कालपासून लघवी 3 वेळा. दूध ओढणं कमजोर, फार झोपते. पिवळेपणा पोटापर्यंत. पाणी व गुटी दिली होती. 10.50 ला काढलेलं दूध 2 चमचे पाजलं."

कामाला लागले तेव्हा मी अशा जागी "बाळ अशक्त वाटते" एवढंच लिहायचे. सिस्टरने एकदा विचारलं, "कशावरून वाटतं, ते लिही ना." तेव्हापासून शेऱ्याच्या रकान्यात मी जे मोजलं, पाहिलं आणि ऐकलं तेच वेळेसकट लिहिते. मोजता आलं नाही तर "मोजले नाही, बाळ रडत होते" असं लिहिते. रात्री घरी बसून आठवणीने 98.6 भरायचा मोह होतो, पण तो आकडा पुढच्या भेटीत आपल्यालाच फसवतो: तापमान खरंच उतरलंय की आधीचं खोटं होतं, हे मग कळत नाही.

मुलीला चार दिवस नवजात कक्षात ठेवलं. चौदाव्या दिवशी गेले तर ती दूध पिऊन जागीच होती, वजन 2.5. आजींनी उगाळायची सहाण फळीवर उचलून ठेवली होती.