डब्यांचं स्वयंपाकघर घराबाहेर हलवताना

आम्ही घरून साठ डबे द्यायचो, तोवर सगळं निभत होतं. पंचाहत्तरला पोचलो तेव्हा पोळ्यांचे डबे दिवाणावर, भाजी बाल्कनीत आणि घरची माणसं जिन्यात, अशी गत झाली. लगेच गाळा बघायला निघालो नाही, आधी वही काढली. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा.

पहिली पायरी: भाडं कोण भरणार?

आमचा डबा ११० रुपयांचा. किराणा, भाजी, गॅस, पॅकिंग आणि पोचवणं मिळून ७२ रुपये जात, हाती ३८ उरत. महिन्याला २६ दिवस धरले तर साठ डब्यांचे ५९,२८० रुपये. गाळ्याचं भाडं १८,०००, वीज ३,०००, एक जादा मदतनीस बाई १२,००० आणि साफसफाई-पाणी १,५००, म्हणजे नवा खर्च ३४,५००. भागाकार केला तर आणखी ३५ डबे हवेत. ९५ डबे गेले की घरी बसून मिळायचे तेवढेच पैसे मिळणार होते.

यात एक चूक होती. घरी आम्ही लाल, १४.२ किलोचा सिलिंडर वापरत होतो. धंद्यासाठी तो चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि त्याचा गॅस किलोमागे महाग पडतो. डब्यामागे तीन रुपये वाढले आणि ९५ चा आकडा १०४ वर गेला. म्हणून हिशेब व्यावसायिक गॅसच्या दरानेच मांडा. तेवढी मागणी सलग दोन-तीन महिने दिसत नसेल, तर जागा तासांवर भाड्याने मिळते का ते आधी पाहा. डिपॉझिट अडकत नाही.

दुसरी पायरी: जागा स्वयंपाकाच्या वेळेला पाहा

दलाल संध्याकाळी गाळा दाखवतो. तुम्ही सकाळी सातला जा, कारण पाण्याचा खरा जोर तेव्हाच कळतो. दोन बादल्या पाणी एकदम मोरीत ओता. ते तुंबून परत वर आलं, तर तेलकट भांडी धुताना रोज हेच होणार. उदबत्ती पेटवून एक्झॉस्टखाली धरा आणि धूर कुठे जातो ते बाहेर जाऊन पाहा. वरच्या मजल्याच्या खिडकीत जात असेल, तर पहिल्या फोडणीलाच तक्रार येईल. विजेचं मीटर व्यावसायिक आहे का आणि मंजूर भारावर मिक्सर, फ्रीझर, ग्राइंडर एकत्र चालतील का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

तिसरी पायरी: करार आणि परवाना

एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना जागेला धरून असतो. घरच्या पत्त्यावरचा कागद गाळ्यात चालत नाही. तिथे काम सुरू करण्याआधी नव्या पत्त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्याला जागेच्या हक्काचा कागद लागतो. म्हणून लिव्ह अँड लायसन्स करारात 'खाद्यपदार्थ बनवण्यासाठी' हे शब्द हवेतच. महाराष्ट्रात हा करार नोंदवणं बंधनकारक आहे, नुसतं नोटरी करून भागत नाही. परवान्यासाठी थांबावं लागेल, त्या दिवसांचं भाडं माफ करा किंवा अर्धं घ्या, हे सही करण्याआधी बोलून घ्या. आम्ही सहीनंतर विचारलं. मालक हसले आणि चहा पाजला, एवढंच.

चौथी पायरी: मोठ्या पातेल्याची रंगीत तालीम

सगळ्यात जास्त फजिती इथे होते. दहा माणसांच्या आमटीला दहाने गुणलं की शंभर माणसांची आमटी होत नाही. पातेलं मोठं झालं की आतल्या आमटीच्या मानाने वरचा उघडा भाग कमी होतो आणि पाणी त्या प्रमाणात आटत नाही. आमची पहिली आमटी अगदी पाणीदार झाली होती. आता हिशेबाने येणाऱ्या पाण्यातलं साधारण पाचवा हिस्सा मागे ठेवतो आणि लागलं तर शेवटी गरम करून घालतो. मीठ-तिखटही तीन चतुर्थांश घालून चव घ्यायची, मग उरलेलं. भट्टीची आच घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी तेज असते, म्हणून मोहरी तडतडायच्या आत कांदा चिरून हाताशी हवा.

भाताकडे जास्त लक्ष द्या. मोठ्या टोपातला भात मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो आणि त्यात जंतू वाढतात. वास-चवीवरून ते कळेलच असं नाही. गरम द्यायचा भात ६० अंशांच्या वर ठेवा. थंड करायचा असेल तर लगेच परातींत पातळ पसरा आणि निवला की फ्रीजमध्ये टाका. टोचायचा थर्मामीटर घ्या, बोटावर विसंबू नका.

पाचवी पायरी: हलवण्याचा आठवडा

सोमवारी सुरू करू नका. कमी डबे असतात त्या दिवशी करा, आम्ही शनिवार निवडला. आदल्या दोन दिवशी नव्या जागेत पूर्ण स्वयंपाक करून घरच्यांना आणि शेजाऱ्यांना जेवू घातलं. त्यात कळलं, की पोळ्यांना आमच्या अंदाजापेक्षा चाळीस मिनिटं जास्त लागतात, कारण तवे दोन आणि लाटणारी एकच. तिसरा तवा घेऊन उपयोग नव्हता, लाटणारी आणखी एक बाई लागली आणि वहीतला मदतनीसांचा खर्च पुन्हा लिहावा लागला.