कम्युनिटी रेडिओचं बजेट: स्वयंसेवकांच्या रकान्यात शून्य लिहू नका आणि या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत मुंबईतल्या तीन-चार संस्थांची कम्युनिटी रेडिओची बजेटं मी तपासली. प्रत्येकात ट्रान्समीटर, मिक्सर आणि माइक यांची कोटेशनं नीट लावलेली होती. प्रत्येकात एक ओळ सारखीच होती: ‘निवेदक (स्वयंसेवक) – ०’. केंद्राच्या खर्चाचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा या शून्यापासून.

मानखुर्दमधली एक संस्था समजा. रोज सहा तास प्रक्षेपण, त्यात दोन तास नवे कार्यक्रम आणि बाकी पुनःप्रक्षेपण. चोवीस स्वयंसेवक, प्रत्येक जण आठवड्यातून दोनदा येतो, म्हणजे महिन्याला १९२ फेऱ्या. शेअर रिक्षा आणि बस मिळून जाण्यायेण्याचे साठ रुपये, चहा-वडापावचे तीस. एका फेरीचे ९० धरले तर महिन्याला १७,२८० आणि वर्षाला दोन लाखांवर रक्कम जाते. ही रक्कम संस्थेने दिली नाही तर ती निवेदकाच्या खिशातून जाते. घरकाम करून येणारी बाई किंवा बारावीचा मुलगा तो भार दोन-तीन महिने सोसतो, मग ‘ताई, या आठवड्यात जमणार नाही’ असा मेसेज येतो.

माणसं गळायला लागली हे हिशेबाच्या वहीत दिसत नाही. ते प्रक्षेपणाच्या लॉगबुकात दिसतं. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा लॉग उघडा आणि नवे तास किती, जुने किती ते मोजा. रोजच्या दोनाचे सव्वा तास झाले की समजा स्वयंसेवक सुटताहेत. तेव्हा जाहिरात करून नवी माणसं गोळा करण्याआधी प्रवासखर्च वेळेवर मिळतोय का ते बघा. मी पाहिलेल्या एका केंद्रावर हे पैसे महिनाअखेरीस व्हाउचरवर मिळायचे. तिथल्या मॅनेजरताईंनी एक छोटी पेटी ठेवली आणि निघताना सही घेऊन रोख द्यायला सुरुवात केली. रक्कम तीच राहिली, पण माणसं टिकली.

वर्षाचा कॅलेंडरही बजेटात धरावा लागतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, मे महिन्यात गाव, गणपतीत अर्ध्याहून जास्त निवेदक कोकणात. गणपतीच्या दिवसांसाठी जुलैमध्येच वीस-पंचवीस भाग आधी रेकॉर्ड करून ठेवावे लागतात, आणि त्या महिन्यात फेऱ्याही वाढतात. म्हणून जुलैची रक्कम इतर महिन्यांच्या दीडपट धरा.

याच्याशीच जोडलेली दुसरी चूक म्हणजे ‘स्वयंसेवक आहेतच, मग पगारी माणसं कशाला?’. अर्ध्या तासाच्या चांगल्या कार्यक्रमाला एडिटिंगसाठी तीन-चार तास लागतात. झोपडपट्टीतल्या घरात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये पंखा, कुकरची शिट्टी आणि शेजारचा टीव्ही असतोच, ते सगळं काढायला कोणीतरी रोज बसावं लागतं. शिवाय प्रक्षेपित कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवणं बंधनकारक आहे. हे काम हौसेवर चालत नाही. स्टेशन मॅनेजर, एक प्रोड्युसर आणि अर्धवेळ तंत्रज्ञ, एवढं किमान धरा. आपल्या उदाहरणात तिघांचे मिळून ७०,००० ठेवू.

आता मिळकतीचा रकाना. इथली चूक फार मोहात पाडणारी आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी तासाला १२ मिनिटं जाहिरातींना परवानगी दिली (आधी सात होती) आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. लगेच कोणीतरी गुणाकार मांडतं: तासाला ७२ स्पॉट, म्हणजे ५,३२८ रुपये, सहा तासांचे ३१,९६८, महिन्याचे साडेनऊ लाख. ही कमाल मर्यादा आहे, मिळकत नव्हे. सरकारी मोहिमा सलग येत नाहीत, झुबक्याने येतात, आणि बिल पास होऊन पैसे खात्यात यायला महिने जातात. गल्लीतला क्लासवाला किंवा मेडिकलवाला दर घासाघीस करून ठरवतो.

गणित उलट्या बाजूने करा. पगार ७०,०००, स्वयंसेवक १७,२८०, भाडं २५,०००, वीज ९,०००, इंटरनेट-फोन २,०००, दुरुस्ती ५,०००. महिन्याची बेरीज १,२८,२८०. आकडे तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण रकाने हेच ठेवा. सगळं जाहिरातीतून काढायचं तर ७४ च्या दराने महिन्याला साधारण १,७३४ स्पॉट, म्हणजे रोज ५८ लागतात. पहिल्या वर्षी हे जमेल असं गृहीत धरू नका. सहा महिन्यांचा खर्च, इथे ७,६९,६८०, बाजूला ठेवूनच प्रक्षेपण सुरू करा.

परवान्याचं शुल्क हा त्यामानाने लहान आकडा. २००६ च्या धोरणात अर्जाचं शुल्क २,५०० रुपये आणि बँक गॅरंटी २५,००० ठरली होती. त्याशिवाय वारंवारतेसाठी दरवर्षी स्पेक्ट्रम रॉयल्टी भरावी लागते. २०१२ साली ती १९,७०० वरून एकदम ९१,००० केली गेली आणि देशभरातल्या केंद्रांच्या विरोधानंतर मागे घेतली गेली. म्हणून या ओळीत थोडी मोकळीक ठेवा. ॲप्लिकेशन भरण्याआधी शुल्काचा चालू आकडा पोर्टलवरून घ्या, जुन्या फाइलमधून नको.

खरा खर्च परवान्याच्या वाट पाहण्यात होतो. इरादापत्र, वारंवारता आणि अँटेनाच्या जागेची मंजुरी या पायऱ्यांना वेळ लागतो. एका संस्थेने अर्ज केला त्याच महिन्यात स्टुडिओ भाड्याने घेतला आणि एक शब्दही हवेत न जाता वर्षभर भाडं भरलं. मुंबईत आणखी एक पेच आहे. मंजुरी अँटेनाच्या ठराविक अक्षांश-रेखांशाला मिळते, आणि आपला करार असतो अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. मालकाने नूतनीकरण नाकारलं तर नव्या जागेची मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. गच्चीसाठी सोसायटीचा ठराव निदान पाच वर्षांचा करून घ्या, आणि त्या भाड्याची ओळ स्टुडिओपासून वेगळी ठेवा.

यंत्रांच्या ओळीत लोक ट्रान्समीटरची किंमत घालतात आणि केबल ‘इतर’मध्ये ढकलतात. तळमजल्यावरच्या स्टुडिओतून सात मजले वर जायला साधारण ४० मीटर केबल लागते. आरजी-२१३ सारखी स्वस्त केबल लावली तर ट्रान्समीटरच्या ५० वॉटमधले सुमारे २८ वॉटच अँटेनापर्यंत पोचतात, अर्धा इंची जाड केबल लावली तर ४१ च्या आसपास. महागडा ट्रान्समीटर घेऊन निम्मी ताकद केबलमध्ये जिरवण्यापेक्षा, गच्चीवरच्या केबिनमध्ये ट्रान्समीटर ठेवून केबल आखूड करता येते का ते आधी पाहा.

खाडीच्या खाऱ्या हवेत कनेक्टर दोन पावसाळ्यांत गंजतात. ट्रान्समीटरच्या पॅनलवरचा रिफ्लेक्टेड पॉवरचा, म्हणजे अँटेनाकडून परत येणाऱ्या ताकदीचा, आकडा रोज सकाळी वहीत लिहा. एरवी एक वॉटच्या आत असलेला आकडा पावसात तीन-चारवर गेला की आधी गच्चीवरचा जोड उघडून पाणी गेलंय का ते तपासा, ट्रान्समीटर दुरुस्तीला पाठवण्याची घाई करू नका. दुरुस्तीच्या ५,००० मधले दोन-अडीच हजार दर मेमध्ये नवे कनेक्टर आणि जोडांवरच्या सीलिंग टेपसाठी खर्च करा, पाऊस यायच्या आत.